एकेकटं चालतं, एकत्र लावलं की खटका पडतो: स्वयंपाकघराचा लोड, एमसीबी आणि अर्थिंग

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "प्रत्येक वस्तू वेगळी लावली तर काहीच होत नाही, सगळं एकत्र लावलं की लाइट जाते." त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, लोड जास्त होतोय, एमसीबी मोठा टाका. या सल्ल्यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा भाग धोक्याचा. एकत्र लावल्यावर खटका पडण्याची निदान दोन वेगळी कारणं असतात. एकात करंटची बेरीज मर्यादेबाहेर जाते, दुसऱ्यात गळतीची. दोन्हींची लक्षणं घरच्या माणसाला सारखीच दिसतात, पण उपाय अगदी वेगळे आहेत. दोन्ही दोष एकाच स्वयंपाकघरात कसे निघू शकतात, हे खाली एका उदाहरणावरून सांगतो. सगळे आकडे २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहेत.

आधी बघा, पडलं काय

लाइट गेली की लोक आधी खटका वर करतात आणि मग विचार करतात. हा क्रम उलटा करा. बोर्ड उघडून नक्की काय खाली आलंय ते आधी पाहा. अरुंद, एका खटक्याचा एमसीबी पडला असेल तर त्या सर्किटमध्ये जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झाला. ज्याच्यावर टेस्टचं छोटं बटण आहे तो रुंद खटका, म्हणजे आरसीसीबी, पडला असेल तर फेजमधून गेलेला सगळा करंट न्यूट्रलमधून परत आलेला नाही, काही भाग दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला आहे. आरसीसीबीला लोड किती आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो फक्त जाणारा आणि येणारा करंट ताडून पाहतो. काही बोर्डांत दोन्ही कामं करणारा एकच खटका असतो, त्याला आरसीबीओ म्हणतात. त्याच्यावरही टेस्टचं बटण असतंच, आणि तिथे मात्र तो कशामुळे पडला हे नुसतं बघून कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. बटण दाबताक्षणी फट्‌कन पडला, की दहा-पंधरा मिनिटं सगळं नीट चालून मग पडला? एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक चुंबकाची, जी शॉर्टसारख्या प्रचंड करंटला क्षणात खटका पाडते. दुसरी दोन धातूंच्या जोडपट्टीची. करंटने ती तापते, हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. क्षणात पडला तर शॉर्ट शोधा. उशिरा पडला, आणि लगेच वर केला तर धरतच नाही, पाच मिनिटांनी मात्र धरतो, असं असेल तर ती तापलेली पट्टी आहे. म्हणजे लोड तरी जास्त आहे, नाहीतर पट्टीला दुसरीकडून उष्णता मिळतेय. त्या दुसऱ्या शक्यतेकडे थोड्या वेळाने येतो.

उदाहरणाचं स्वयंपाकघर

एका सर्किटवर सगळं काही. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, त्यावर १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी. ओट्यावर २००० वॅटची इंडक्शन शेगडी, १५०० वॅटची केटल, १२०० वॅटचा छोटा ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज. तक्रार अशी की संध्याकाळी केटल लावली की खटका पडतो, सकाळी तीच केटल लावली तर काही होत नाही. घरातल्या सगळ्यांनी दोष केटलला देऊन टाकला होता.

हिशोब सोपा आहे. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. इंडक्शन ८.७, केटल ६.५, ओव्हन ५.२. मायक्रोवेव्हच्या बाबतीत मात्र जपून. पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेले ८०० वॅट हे आतल्या पदार्थाला मिळणाऱ्या ताकदीचे असतात. भिंतीतून तो घेतो १२००-१३०० वॅट, आणि तो आकडा मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात असतो. १३०० धरले तर ५.७ अँपिअर. चालू असलेला फ्रिज साधारण १ अँपिअर धरू.

संध्याकाळी इंडक्शन, ओव्हन आणि मायक्रोवेव्ह चालू असताना फ्रिजसकट २०.६ अँपिअर होतात. १६ च्या खटक्यावर २०.६ म्हणजे लगेच पडायला हवा असं वाटतं, पण तसं होत नाही. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १.१३ पट करंटला त्याने तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पट करंटला तासाच्या आत पडायलाच हवं. १६ च्या एमसीबीसाठी ही हद्द १८ ते २३ अँपिअरची आहे. या पट्ट्यात तो कधी पडेल हे त्या नगावर, बोर्ड किती तापलाय यावर आणि तो केव्हापासून तापत आलाय यावर अवलंबून असतं. २०.६ बरोबर मधे येतं. पट्टी तापत राहते, पण खटका सोडत नाही.

आता यात केटल लावली. एकूण २७ अँपिअर, म्हणजे जवळजवळ १.७ पट. दीड लिटर पाणी उकळायला १५०० वॅटच्या केटलला पाचेक मिनिटं लागतात. आधीच तापलेली पट्टी तेवढा वेळ तग धरत नाही आणि पाणी उकळायच्या आत खटका पडतो. सकाळी हीच केटल एकट्या फ्रिजबरोबर चालते, एकूण साडेसात अँपिअर. तेव्हा पडण्याचा प्रश्नच नाही. थोडक्यात, शेवटी लावलेली वस्तू दोषी ठरते, पण खटक्याला तापवायचं काम तिच्या आधी लावलेल्या वस्तूंनी केलेलं असतं.

संध्याकाळचा आणखी एक हातभार आहे. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी व्होल्टेज उतरतं. केटलसारखी साधी कॉइल व्होल्टेज उतरलं की करंटही कमी घेते. बऱ्याच इंडक्शन शेगड्या मात्र ठरवलेले वॅट टिकवायला बघतात, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं की त्या करंट जास्त ओढतात. २००० वॅटला १९५ व्होल्टवर सव्वादहा अँपिअर लागतात. फरक दीड अँपिअरचाच आहे, पण मधल्या पट्ट्यात लोंबकळणाऱ्या खटक्याला तेवढाही पुरतो.

लोड कमी असूनही पडतो तेव्हा

बेरीज केली, १३-१४ अँपिअरच आली, तरीही खटका दहा मिनिटांनी पडतोच, असंही होतं. इथे लगेच एमसीबी खराब ठरवून बदलायला जाऊ नका. मेन बंद करून बोर्डाचं झाकण काढलं की बरेचदा त्या एमसीबीच्या खालच्या टोकाला जोडलेल्या वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं दिसतं. तिथला स्क्रू सैल आहे. सैल जोडावर उष्णता तयार होते, ती तांब्यातून थेट आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि पट्टीला वाटतं करंटच जास्त आहे. उपाय म्हणजे जळका भाग कापायचा, नवं टोक सोलायचं, टर्मिनलमध्ये पूर्ण आत सरकवायचं आणि स्क्रू घट्ट आवळायचा. एमसीबीचं टर्मिनलच काळं पडलं असेल तरच तो बदलायचा.

उदाहरणातल्या घरात हेही होतंच. इन्सुलेशनचा सेंटीमीटरभर भाग बोटाने दाबला की कडकन तुटत होता. एमसीबीचे आकडे ३० अंश तापमानासाठी ठरवलेले असतात. बोर्ड शेगडीच्या वरच्या भिंतीवर असेल, किंवा शेजारी-शेजारी तीन-चार भरलेले एमसीबी असतील, तर तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडा आधीच पडतो. तो बिघाड नव्हे, त्याचा स्वभाव आहे.

हे झाकण काढायचं काम घरच्या माणसाने करू नये. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या टोकांना फेज जिवंतच असतो.

मोठा एमसीबी टाकला तर?

१६ चा काढून ३२ चा टाकला की तक्रार त्याच दिवशी मिटते, म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे. पण एमसीबी तुमच्या ओव्हनसाठी बसवलेला नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर निवांत जाऊ देईल. २.५ चौरस मिलिमीटरची वायर पाइपात, प्लास्टरच्या आत, साधारण वीसेक अँपिअरच्या आसपास ठेवायची असते.

फरक किती पडतो ते पाहू. २.५ च्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला ७.४ मिलिओहमच्या आसपास असतो. बोर्डापासून ओट्यापर्यंत २० मीटर वायर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे सुमारे ०.३ ओहम. १६ अँपिअरला त्या पूर्ण लांबीत ७६ वॅट उष्णता होते. ती भिंत सहज पचवते. ३६ अँपिअरला तीच उष्णता ३८० वॅटच्या वर जाते. करंट सव्वादोन पट झाला, उष्णता पाच पट झाली, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. इन्सुलेशन एका दिवसात जळत नाही, ते वर्षभर मऊ होत आणि कडक पडत राहतं. वाकणात, जोडात, किंवा जिथे एकाच पाइपात चार सर्किटं कोंबली आहेत तिथे ते आधी जातं. त्या वेळी खटका पडेलही, पण भिंतीच्या आत ठिणगी पडून गेल्यानंतर.

मोठा एमसीबी टाकायचाच असेल तर त्या सर्किटची बोर्डापासून सॉकेटपर्यंतची प्रत्येक इंच वायर, मधले सगळे जोड आणि सॉकेट त्या आकड्याला पुरे हवेत. बोर्डाजवळ जाड वायर दिसली म्हणून पुढेही जाडच असेल असं नाही. एका पॉइंटवरून दुसरा पॉइंट लूप करताना हाताला येईल ती वायर वापरलेली पुष्कळदा सापडते.

आणि एक्स्टेन्शन बोर्ड. त्याने सॉकेटांची संख्या वाढते, सर्किटची क्षमता तेवढीच राहते. त्याची स्वतःची वायर तर भिंतीतल्या वायरीपेक्षाही बारीक असते, आणि १६ चा एमसीबी तिला वाचवू शकत नाही. कॉइल असलेली वस्तू एक्स्टेन्शनवर लावू नये. यात अपवाद करावा असं मला कधी वाटलेलं नाही.

खरा उपाय: वाटणी

सतत चालणारा लोड खटक्याच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत ठेवावा. १६ ला तो १३ अँपिअर होतो, म्हणजे २९००-३००० वॅट. या हिशोबाने उदाहरणातल्या स्वयंपाकघराची वाटणी अशी झाली. इंडक्शनला स्वतंत्र सर्किट. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह मिळून दुसरं, १०.९ अँपिअर. केटल आणि मिक्सर तिसरं, मिक्सर ७५० वॅटचा धरला तरी दहाच्या आत. फ्रिज वेगळा काढून त्याला एक छोटं सर्किट दिलं. फ्रिजचा लोड क्षुल्लक असतो, पण घरात कोणी नसताना केटलच्या सर्किटबरोबर तो बंद पडला तर आतलं सगळं टाकून द्यावं लागतं.

वाटणी केली म्हणजे एकूण करंट कमी झाला असं नाही. सगळं एकदम चाललं तर मेन स्विच, आरसीसीबी आणि मीटरपासून आलेल्या वायरवर हे ३० च्या आसपास अँपिअर येणारच, शिवाय घराचा बाकीचा लोड. तो त्यांना झेपतोय का, हे नवी सर्किटं ओढण्याआधी तपासायचं. वायरिंग होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणजे एका वेळी कॉइलच्या दोनच वस्तू. केटल उकळेपर्यंत ओव्हन बंद ठेवायचा, बस.

इथे नव्या सर्किटच्या न्यूट्रलबद्दल एक सूचना द्यायलाच हवी, कारण ही चूक वारंवार दिसते. बोर्डात दोन आरसीसीबी असतील तर ज्या आरसीसीबीखालून फेज घेतला, न्यूट्रलही त्याच्याच पट्टीवरून घ्यायचा. शेजारच्या पट्टीवर जागा आहे म्हणून तिथे लावला, तर जाणारा करंट एकातून आणि परतीचा दुसऱ्यातून होतो, आणि लोड लावताच खटका पडतो. वस्तू निर्दोष, वायर निर्दोष, तरी घरचे बिचारे नवी केटल आणायला निघतात.

एमसीबी थांबला, आरसीसीबी पडायला लागला

वाटणी झाली, एमसीबी पडणं थांबलं. दोन-चार दिवसांनी नवी तक्रार आली: ओव्हन आणि केटल एकत्र लावले की आता आरसीसीबी पडतो, स्वयंपाकघरच नाही तर अख्खं घर अंधारात जातं. "तुमच्या नव्या वायरिंगमुळे बिघाड सुरू झाला." ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं. आधी नव्हतं, वायरिंगनंतर झालं.

खरं काय ते जुने सॉकेट उघडल्यावर कळलं. तिसऱ्या, मोठ्या छिद्राच्या मागच्या स्क्रूला हिरवी वायर होती. पण ती लूपिंगच्या पहिल्याच पेटीत तुटून मोकळी लोंबत होती. म्हणजे त्या ओट्यावर इतकी वर्षं अर्थिंग नव्हतंच. घरातल्यांना विचारलं तेव्हा कोणीतरी सहज म्हणालं, "ओव्हनला ओला हात लागला की मुंग्या यायच्या." नव्या सर्किटांबरोबर खरं अर्थ ओट्यापर्यंत पोचलं आणि त्या मुंग्यांच्या करंटला जायला वाट मिळाली. आरसीसीबीला तो करंट पहिल्यांदाच दिसला.

मग गळती मोजली. त्यासाठी मिलिअँपिअर दाखवणारा गळतीचा क्लँप मीटर लागतो, साध्या क्लँपवर हे दिसत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लँपच्या तोंडात धरायचे. जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो, उरतो तो जमिनीत गेलेला. केटल ११ मिलिअँपिअर, ओव्हन ९. इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि घरातली बाकीची इलेक्ट्रॉनिक उपकरणं मिळून ६.

आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर छापलेलं असतं, पण त्याचा अर्थ तो ३० ला पडतो असा नाही. मानकाप्रमाणे ३० ला त्याने पडायलाच हवं आणि १५ पर्यंत पडायचं नसतं. मधे कुठेही पडला तरी तो बरोबरच. बरेचसे नग विशीच्या आसपास सोडतात. एकटी केटल ११, एकटा ओव्हन ९, बाकीच्या ६ बरोबरही दोघांपैकी एकच असेल तर पंधराच्या आत. दोन्ही एकत्र आले की कॉइलची गळतीच २० होते. साधी बेरीज एकट्या केटलसाठी १७ आणि दोन्हींसाठी २६ दिसते, पण इलेक्ट्रॉनिक उपकरणांची गळती कॉइलच्या गळतीशी एकाच तालात नसते, म्हणून मीटरवर पहिला आकडा पंधराच्या आत राहतो आणि दुसरा २१ च्या आसपास येतो. खटका पडायला तेवढा पुरतो. प्रत्येक वस्तू एकेकटी पास, एकत्र नापास, आणि लोडचा इथे काडीचाही संबंध नाही.

ओव्हनच्या गळतीचं कारण साधं होतं. कॉइलच्या धातूच्या नळीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ओव्हन काही आठवडे पडून राहिला की टोकांच्या सीलमधून ती पूड हवेतला ओलावा शोषते आणि गळती वाढते. अशा वेळी बाकी सगळं बंद ठेवून ओव्हन एकटाच अर्धा-पाऊण तास चालवायचा. नळी तापून ओलावा निघून जातो. या ओव्हनची गळती अशीच १ मिलिअँपिअरखाली आली. केटलची मात्र गरम करूनही तेवढीच राहिली. तळाच्या कॉइलला बारीक चीर पडून पाणी आत जात होतं. ती केटल भंगारात गेली. संध्याकाळी दोष जिच्या माथी मारत होते ती केटल शेवटी खरंच सदोष निघाली, फक्त वेगळ्याच गुन्ह्यात.

मीटर नसेल तर हीच झडती घरच्या घरी घेता येते, फक्त वेळ लागतो. आरसीसीबी पडला की स्वयंपाकघरातली सगळी प्लगं काढायची. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग आरसीसीबी वर करून एकेक वस्तू लावत जायचं, आणि पडला की शेवटच्या दोन वस्तूंची अदलाबदल करून पाहायचं. एखादी वस्तू सगळ्या जोड्यांमध्ये सामील असेल तर तिच्यावर संशय घ्यायचा. एकही प्लग न लावता आरसीसीबी पडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे. तिथे वायरमनला मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, घेऊन बोलवा. फेज आणि न्यूट्रलचा अर्थबरोबरचा रोध ५०० व्होल्टवर एक मेगओहमच्या खाली आला तर ते सर्किट वापरू नये. तपासणीआधी सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढून ठेवायची, नाहीतर मेगरच त्यांना मारतो.

एक प्रकार असाही असतो की घरातल्या कुठल्याही मोठ्या वस्तूबरोबर आरसीसीबी पडतो, आज केटल, उद्या गीझर, परवा इस्त्री. एक वस्तू पकडता येतच नाही. तेव्हा कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलेला असण्याची शक्यता मोठी. परतीच्या करंटचा काही भाग अर्थमधून जातो, आणि लोड जितका मोठा तितका तो भाग मोठा. हेही बाहेरून पाहिलं तर लोडमुळे पडल्यासारखंच वाटतं.

अर्थची पिन तोडू नका

आरसीसीबी सारखा पडतोय म्हणून प्लगची जाड पिन तोडून टाकणं, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावणं, याने खटका पडायचा थांबतो हे अगदी खरं आहे. गळतीची वाट बंद झाली, आरसीसीबीला काही दिसत नाही. पण गळती करणारी वस्तू तशीच आहे आणि तिची धातूची बॉडी आता कशालाही जोडलेली नाही. चिरलेल्या कॉइलमधून फेज बॉडीवर आला की तो तिथे बसून राहतो. कोणी ओल्या पायाने उभं राहून तिला हात लावेपर्यंत करंटला वाट नाही, आणि हात लावला की वाट त्या माणसातून. आरसीसीबी असेल तर तो तेव्हा पडेल, पण धक्का बसल्यानंतर. आरसीसीबी नसेल तर एमसीबी पडणारच नाही, कारण माणसाच्या शरीरातून जाणारा घातक करंटही १ अँपिअरच्या कितीतरी खाली असतो. १६ च्या एमसीबीसाठी तो नसल्यासारखाच.

मुंग्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शनमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर बॉडी मधल्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगते. करंट नगण्य असतो, नुसतं झिणझिण होतं. वस्तू चांगली आहे, अर्थ नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण केटल, ओव्हन, गीझर अशा कॉइलवाल्या वस्तूला झिणझिण आली तर ती तेव्हाच बंद करा.

उलट बाजूचा गैरसमज असा की अर्थिंग केलं म्हणजे शॉर्ट होताच एमसीबी पडेल. पुरवठ्याबरोबरच अर्थची धातूची वायर येते तिथे हे खरं आहे. बॉडीला फेज लागला की शेकडो अँपिअर वाहतात आणि चुंबक खटका लगेच पाडतो. पण जिथे घराचं अर्थ फक्त अंगणात पुरलेल्या रॉडवर किंवा पत्र्यावर आहे तिथे हिशोब वेगळा होतो. रॉडचा रोध ५ ओहम असेल, जो चांगला म्हणायचा, तरी २३० ला ५ ने भागून ४६ अँपिअर येतात. सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीचं चुंबक ८० ते १६० अँपिअरला हलतं. ४६ ला पट्टी तापायची वाट पाहावी लागेल, त्यात काही सेकंदांपासून मिनिटभरही जाऊ शकतं, आणि तेवढा वेळ बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज राहील. कोरड्या पडलेल्या रॉडचा रोध २० ओहम झाला तर साडेअकरा अँपिअर वाहतील आणि एमसीबी कधीच पडणार नाही. मीटर फिरत राहील, बॉडी जिवंत राहील.

त्याच २० ओहमच्या रॉडवर आरसीसीबी बसवला तर तो ३० मिलिअँपिअरच्या आतच पडतो. ३० मिलिअँपिअर गुणिले २० ओहम म्हणजे ०.६ व्होल्ट. बॉडीवर धोकादायक व्होल्टेज आलं की खटका क्षणभरात पडतो, कोणी हात लावायच्या आधीच. अर्थ आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकाने गळतीला वाट द्यायची, दुसऱ्याने ती पकडायची. दोघांपैकी एकच असेल तर काम अर्धंच होतं.

न्यूट्रललाच अर्थच्या छिद्रात जोडून देणं हा यातला सगळ्यात वाईट जुगाड. टेस्टरला, मीटरला, सगळ्याला अर्थ असल्यासारखं दिसतं. मात्र त्या सर्किटचा न्यूट्रल कुठे सुटला, की चालू असलेल्या वस्तूतून फेज परतीच्या वाटेने येऊन प्रत्येक धातूच्या बॉडीवर बसतो.

अर्थ खरंच आहे का, हे कसं कळेल

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक, असं बरेच जण धरून चालतात. ते बटण आतल्याच एका रोधातून करंटचा असमतोल घडवतं, त्याचा घराच्या अर्थशी संबंध नसतो. अर्थ नसलेल्या घरातही ते अगदी व्यवस्थित चालतं. ते दर तीन-सहा महिन्यांनी दाबायचं ते आरसीसीबी जिवंत आहे का हे पाहायला.

मल्टिमीटरही इथे फसवतो. फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवलं म्हणजे कुठेतरी जोड आहे एवढंच कळतं. मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या, एका तारेवर लटकलेल्या जोडावरूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. शून्य किंवा तरंगता आकडा दाखवला तर अर्थ नाही हे नक्की, २३० दाखवलं तर निकाल अजून बाकी आहे. खरा निकाल लूपचा रोध मोजणाऱ्या टेस्टरने लागतो, किंवा रॉडसाठी अर्थ टेस्टरने. वायरमनकडून तो आकडा लिहून घ्या, आणि मोजणी जमीन सर्वांत कोरडी असते त्या दिवसांत करायला सांगा. ओल्या जमिनीतला आकडा नेहमीच गोड येतो.

उदाहरणातल्या घरात नवी केटल आल्यावर ओव्हन, केटल, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावून पुन्हा मोजलं. गळती ७ मिलिअँपिअरच्या आत, सर्वांत भरलेलं सर्किट १०.९ अँपिअरवर, आणि एमसीबीचा खटका अर्ध्या तासाने हाताला जेमतेम कोमट. ओव्हन महिन्याभराने पुन्हा काढाल तेव्हा पहिल्यांदा तो एकटाच चालवा, एवढी चिठ्ठी त्याच्या दारावर चिकटवून काम संपलं.